गळती रविवारी, मिस्त्री बुधवारी: परत परत ठिबकणाऱ्या बाथरूमसाठी मिस्त्रीला काय लिहून पाठवावं

वरच्या मजल्यावरच्या बाथरूमखाली ओल येते. मिस्त्री येतो, काहीतरी बुजवून जातो, पंधरा-वीस दिवस बरे जातात आणि छताचा डाग पुन्हा ओला होतो. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं नळ-पाइपांचं दुकान आहे, त्यामुळे या तक्रारीच्या दोन्ही बाजू माझ्या काउंटरवर येतात. घरमालक म्हणतात, ‘मिस्त्री नीट बघतच नाही.’ मिस्त्री म्हणतो, ‘मी गेलो तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत. बघू काय?’ दोघंही खरंच बोलत असतात. गळती एका वेळी असते आणि मिस्त्री दुसऱ्या वेळी, एवढाच घोळ असतो.

बहुतेकांचा मेसेज असा असतो: ‘बाथरूम परत लीक झालंय. लवकर या. अर्जंट.’ सोबत छताच्या पिवळ्या डागाचा फोटो, तोही इतक्या जवळून की तो छताचा आहे की भिंतीचा हेच कळू नये. मिस्त्री हा मेसेज करंज्यातलं काम उरकून कोडोलीला निघताना, गाडीला किक मारायच्या आधी वाचतो. त्यातून त्याला एकच गोष्ट ठरवायची असते, ती म्हणजे पिशवीत काय घ्यायचं आणि किती वाजता पोचायचं. वरच्या मेसेजमधून यातलं एकही ठरत नाही.

याहून वाईट मेसेज म्हणजे ‘नहाणी ट्रॅप लीक आहे, बदलून द्या.’ हे निदान आहे, लक्षण नाही. मिस्त्री छिन्नी, व्हाइट सिमेंट आणि ट्रॅप घेऊन येतो आणि सामान आणलंच आहे तर ट्रॅप बदलून जातो. गळती ट्रॅपची नसेल तर पैसे गेले, दोन फरशा फुटल्या आणि ओल होती तिथेच. डॉक्टरला जसं आपण ‘अँटिबायोटिक द्या’ न म्हणता ‘रात्री ताप चढतो’ म्हणतो, तसंच इथेही करावं.

शाहूपुरीतल्या एका घराचं उदाहरण घेतो, कारण त्यात पुस्तकी उत्तर चुकत होतं. दुमजली घर, खाली-वर मिळून काका-काकू दोघंच. वरच्या बाथरूमच्या खाली तळमजल्याचा पॅसेज येतो. त्या पॅसेजच्या छताला टीचभर डाग होता, त्यातून अधूनमधून थेंब पडायचे आणि काकू खाली पातेलं ठेवायच्या. आधी एका मिस्त्रीने बाथरूमच्या फरशीच्या फटी भरल्या. तीन आठवडे थेंब नाही. मग पुन्हा सुरू. दुसऱ्याने नहाणी ट्रॅपभोवती फोडून तो नव्याने बसवला. पुन्हा काही दिवस बरं, पुन्हा तेच. महिना फेब्रुवारीचा, म्हणजे पावसाचा काही संबंध नाही.

काकू दुकानात आल्या तेव्हा मी त्यांना एवढंच विचारलं, की पातेलं कुठल्या वारी ठेवावं लागतं? त्यांनी जरा आठवलं आणि म्हणाल्या, ‘रविवारी. कधीकधी सोमवारी सकाळीपण असतं थोडं.’ आणि मिस्त्री कधी येतात? ‘ते सवडीने येतात, मंगळवार-बुधवारी.’

वेळ आधी, जागा नंतर

छतावरची जागा बघून मूळ शोधायला जाऊ नका. पाणी स्लॅबमध्ये शिरलं की भराव्यातून, सळईच्या कडेने, पाइपाच्या भोकापर्यंत कुठेही जातं आणि जिथे वाट मिळेल तिथे ठिबकतं. डाग आणि दोष यांच्यात चार-पाच फुटांचं अंतर सहज असू शकतं. वेळ मात्र सहसा फसवत नाही.

दिवसरात्र, कोणी पाणी वापरो न वापरो, सारख्याच गतीने ठिबकत असेल तर दोष टाकीकडून येणाऱ्या भरलेल्या पाइपात असतो. त्या पाइपात पाण्याचा दाब चोवीस तास असतो, त्याला सुट्टी नसते. वापरल्यावरच ठिबकत असेल तर संशय सांडपाण्याच्या बाजूवर जातो: ट्रॅप, कमोडचा जोड, बेसिनचा वेस्ट पाइप, नाहीतर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग. आणि फक्त पावसात येत असेल तर आधी भिंत आणि गच्ची बघायची. आपल्याकडे जुलैमध्ये पाऊस यवतेश्वराच्या बाजूने तिरका झोडपतो आणि पश्चिमेच्या भिंतीच्या बारीक चिरांतून आत येतो. त्याला गवंडी लागतो, प्लंबर नाही.

आता अपवाद, आणि तोच शाहूपुरीत निघाला. शॉवरच्या कॉकपासून वर शॉवरच्या दांडीपर्यंत भिंतीच्या आतून जाणारा जो पाइप असतो, तो एरवी रिकामा असतो. त्यात पाणी फक्त शॉवर चालू असताना असतं. कॉकच्या जागी डायव्हर्टर असेल तरी हेच. म्हणजे तो पाइप आहे स्वच्छ पाण्याचा, पण गळतो सांडपाण्याच्या पाइपासारखा, वापरल्यावरच. त्यामुळे ‘वापरल्यावर गळतं’ हे ऐकून मिस्त्री ट्रॅप फोडतो आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. कोणता वापर, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

काका-काकू दोघंही बादलीने अंघोळ करतात. मुलगा पुण्याला नोकरीला. तो शनिवारी रात्री येतो आणि रविवारी सकाळी वीस मिनिटं शॉवरखाली उभा राहतो. फटी भरल्यावर जे तीन आठवडे बरे गेले, त्या तीन आठवड्यांत मुलगा आलाच नव्हता.

मेसेजआधी घरी करायच्या चाचण्या

या चाचण्यांना हत्यार लागत नाही, पण धीर लागतो, कारण स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी उशिरा खाली येतं. दोन चाचण्या लागोपाठ केल्या तर दुसऱ्या चाचणीत पहिलीचंच पाणी ठिबकेल आणि तुम्ही नको त्या पाइपावर आळ घ्याल. प्रत्येक चाचणीनंतर निदान तीन तास थांबा. थेंब आलाच, तर तो पूर्ण बंद होऊन एक रात्र जाऊ द्या, मगच पुढची चाचणी.

त्याआधी एक सुरक्षेची गोष्ट. थेंब ट्यूबलाइट, पंखा किंवा स्विचबोर्डाजवळ पडत असतील तर त्या भागाचा एमसीबी पाडा आणि मगच बाकीचं. हे मेसेजमध्येही लिहायचं.

सुरुवात बंद बाथरूमपासून. एक अख्खा दिवस वरचं बाथरूम वापरायचं नाही, पण त्याचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवायचा. तरी ठिबकलं तर दोष भरलेल्या पाइपात. मग गच्चीवर जाऊन त्या लाइनीचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि थेंब थांबतो का बघायचं. पुष्कळ जण त्याऐवजी टाकीच्या पाण्यावर खूण करून सकाळी बघतात. मोठी गळती असेल तर ते ठीक आहे, पण हजार लिटरच्या गोल टाकीत पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे नऊ-दहा लिटर पाणी गेलं. रात्रभरात दोन लिटर गेलं तर पातळी जेमतेम दोन मिलिमीटर हलते, आणि तेवढं डोळ्याला दिसत नाही. ‘टाकी उतरत नाही म्हणजे लाइन चांगली’ असं मिस्त्रीला लिहू नका. काकूंकडे बंद बाथरूमच्या दिवशी पातेलं कोरडं राहिलं.

दुसरी चाचणी ट्रॅपची. जाळी काढून दोन बादल्या पाणी थेट ट्रॅपच्या तोंडात सावकाश ओतायचं, फरशी शक्यतो ओली न करता. ट्रॅप किंवा त्याखालचा जोड गळत असेल तर एवढ्या पाण्याला बहुतेक वेळा खाली थेंब दिसतो. इथे काही आलं नाही. कमोडचा फ्लश चार-पाच वेळा ओढून झाला, बेसिन भरून एकदम सोडून झालं. तेही कोरडंच.

तिसरी फरशीची. ओला फडका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ट्रॅपच्या तोंडात घट्ट दाबायचा आणि बाथरूममध्ये इंचभर पाणी साठवायचं. पाच बाय सहा फुटांच्या बाथरूमला चार-पाच बादल्या पुरतात. आधी उंबरा इंचभराहून उंच आहे ना ते बघा, नाहीतर पाणी बेडरूममध्ये. नव्या वॉटरप्रूफिंगची तपासणी करताना पाणी दिवसभर किंवा जास्त ठेवतात. आपल्याला फक्त कल घ्यायचा आहे, दोन तास पुरेत. दोन तासांत काही आलं नाही म्हणून वॉटरप्रूफिंग निर्दोष ठरत नाही, एवढं लक्षात असू द्या. पण ज्या घरात वीस मिनिटांच्या शॉवरने धार लागते, तिथे दोन तास पाणी साठवूनही पातेलं कोरडं राहिलं तर फरशीवरचा संशय बराच कमी होतो. मग शॉवरच्या बाजूच्या भिंतीच्या टाइल्सवर पाच मिनिटं तांब्या-तांब्याने पाणी मारायचं, म्हणजे टाइल्सच्या फटींतून पाणी आत जातंय का तेही कळतं. काकांनी ते केलं. थेंब नाही.

आता शेवटची आणि खरी. पिठाची किंवा तांदळाची लांब प्लास्टिक पिशवी घ्यायची, तळ कापायचा आणि तिचं एक तोंड शॉवरच्या डोक्याला सुतळीने बांधायचं. आखूड पडली तर दोन पिशव्या जोडायच्या. दुसरं तोंड सरळ ट्रॅपमध्ये. ट्रॅप चांगला आहे हे आधीच कळलेलं असतं, म्हणून तिथे पाणी सोडायला हरकत नाही. मग शॉवर पूर्ण उघडून पंधरा मिनिटं चालवायचा. यात भिंत कोरडी, फरशी कोरडी, पाणी फक्त भिंतीतल्या पाइपातून आणि ट्रॅपमधून जातं. सुरू केल्यापासून पस्तीस मिनिटांनी पॅसेजमध्ये पहिला थेंब पडला. शॉवर तोवर बंद होऊन वीस मिनिटं झाली होती. थेंब पुढे अडीच तास चालले.

ट्रॅप नाही, फरशी नाही, टाइल्सच्या फटी नाहीत. उरला तो कॉकच्या वरचा पाइप.

फोटो कशाचे

डागाचा जवळून काढलेला फोटो मिस्त्रीला जवळजवळ काहीच सांगत नाही. त्याला आधी लांबून काढलेला फोटो हवा असतो: पॅसेजच्या टोकाला उभं राहून, ज्यात दार, भिंतीचा कोपरा आणि डाग तिन्ही दिसतील. मग डागाजवळचा, त्यात मोजपट्टी धरलेली. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारून बाजूला तारीख आणि वेळ लिहायची. पुढच्या वेळी डाग रेघेबाहेर गेला की नाही हे वाद न घालता कळतं. ओल पुसट असेल तर लाइट घालवून बॅटरी भिंतीला लावून तिरकी धरा, पोपडे आणि फुगवटे उठून दिसतात. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट पांढरं होतं.

थेंबाचा व्हिडिओ दहा-पंधरा सेकंदांचा पुरतो, त्यात मोबाइलवर वेळ बोलून टाका: ‘रविवार, सकाळी नऊ चाळीस.’ मिनिटाला किती थेंब ते त्याच व्हिडिओवरून मोजता येतं.

वरच्या बाथरूमचे फोटोही तेवढेच लागतात, आणि हेच कोणी पाठवत नाही. दारात उभं राहून एक. शॉवर, कॉक, गीझर आणि नळ असलेल्या भिंतीचा एक. बाहेरच्या डक्टमधल्या पाइपांचा एक. फोटोखाली ‘दारातून बघताना डावी भिंत’ असं लिहा. नुसती ‘डावी’ म्हणजे कोणाची डावी, यावरून एकदा दुकानात अर्धा तास गेलेला मी पाहिला आहे.

आणि भिंतीची दुसरी बाजू बघा. शाहूपुरीत शॉवरच्या भिंतीमागे बेडरूम आहे आणि त्या भिंतीला लोखंडी कपाट लागलेलं. मुलाने ते हातभर पुढे ओढलं तर मागे रंगाचे पोपडे धरलेले, मधे एक तळहाताएवढा फुगवटा, बोट लावलं की भुगा होऊन गळणारा. त्याची वरची कड जमिनीपासून साडेसहा फुटांवर होती. ही उंची फार बोलकी आहे. जमिनीकडून चढणारी ओल सहसा फूट-दोन फूट, फार तर कमरेपर्यंत येते. साडेसहा फुटांवर ओल असेल तर पाणी तिथे किंवा त्याच्या वर सुटतंय, आणि दुसऱ्या बाजूला त्याच उंचीवर शॉवरची दांडी भिंतीतून बाहेर येत होती. भिंतीवरच्या ओलीचं सगळ्यात वरचं टोक मोजून लिहा. छताच्या डागापेक्षा त्यावर जास्त भरवसा ठेवता येतो.

व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवताना एचडी निवडा, नाहीतर बारीक चिरा पुसून जातात. पाच-सहा फोटो पुरेत. वीस पाठवले की मिस्त्री एकही उघडत नाही.

काकूंनी पाठवलेला मेसेज

मी दुकानात बसून त्यांच्याकडून हा लिहून घेतला:

> नमस्कार मिस्त्री. शाहूपुरी, दुमजली घर, वरच्या बाथरूमची गळती.
>
> कुठे: खाली पॅसेजच्या छतातून थेंब. दुसरी ओल बेडरूममध्ये, शॉवरच्या भिंतीमागे, जमिनीपासून साडेसहा फुटांवर.
>
> कधी: फक्त शॉवर वापरल्यावर. सुरू केल्यापासून ३५ मिनिटांनी पहिला थेंब, मिनिटाला १०-१२, अडीच तास चालतं. बादलीने अंघोळ केली तर काही नाही. दिवसभर बाथरूम बंद ठेवलं तरी काही नाही.
>
> करून बघितलं: ट्रॅपमध्ये २ बादल्या, फ्लश, बेसिन, फरशीवर इंचभर पाणी २ तास, भिंतीवर पाणी. सगळं कोरडं. शॉवरला पिशवी बांधून पाणी सरळ ट्रॅपात सोडलं, १५ मिनिटं, तेव्हा थेंब आला.
>
> आधीचं काम: फरशीच्या फटी भरल्या, नंतर ट्रॅप नवीन बसवला. फरक नाही. मागच्या दिवाळीत शॉवर बदललाय, मोठा बसवलाय.
>
> पाइप: अर्धा इंची, भिंतीत. बाथरूमचा वेगळा व्हॉल्व्ह गच्चीवर आहे आणि चालतो. थेंबापासून ट्यूबलाइट दीड फुटावर आहे, तिचा एमसीबी पाडून ठेवलाय.
>
> फोटो ५, व्हिडिओ १, खाली नंबर लिहिलेत.
>
> तुम्ही निघालात की मिस्ड कॉल द्या, मी शॉवर चालू करते. तुम्ही पोचेपर्यंत थेंब दिसेल. फोडायचं असेल तर आधी सांगा.

यात कुठेही ‘पाइप फुटलाय’ असं नाही. जे दिसलं आणि जे करून बघितलं तेवढंच आहे, आणि निदान मिस्त्रीकडे सोडलंय. तो माणूस वीस वर्षं पाइप जोडतोय, ‘फक्त शॉवर’ आणि ‘साडेसहा फूट’ एवढं वाचल्यावर त्याला पुढचं सांगावं लागत नाही.

आधीच्या कामाची ओळ लोक टाळतात, संकोचामुळे. नव्या मिस्त्रीला वाटेल की आपण आधीच्याची चुगली करतोय. नावं घालू नका, पण काम जरूर लिहा. नाहीतर नवाही तिथूनच सुरुवात करतो. त्यात ‘शॉवर बदललाय’ हे काकूंना दुरुस्तीत मोडतंय असं वाटलंच नव्हतं, ते विचारून काढावं लागलं. गळती सुरू व्हायच्या आधीच्या काही महिन्यांत त्या बाथरूममध्ये काहीही हललं असेल, नवा गीझर, नवा नळ, भिंतीत ठोकलेला टॉवेलचा रॉड, तर ते लिहायचं. रॉडसाठी मारलेलं ड्रिल पाइपात जाणं ही आमच्या धंद्यात नेहमीची गोष्ट आहे.

व्हॉल्व्हची ओळही महत्त्वाची. तो अडकलेला असेल तर मिस्त्रीला अख्ख्या घराची टाकी बंद करावी लागते आणि मग सकाळच्या पाण्याच्या वेळेत काम नको असतं. आधी फिरवून बघा. वर्षानुवर्षं न फिरवलेला असेल तर जोर लावू नका, ‘जाम आहे’ एवढंच लिहा.

मिस्ड कॉलची ओळ मला सगळ्यात आवडते. पस्तीस मिनिटांचा उशीर माहीत असल्यामुळे ती लिहिता आली. मिस्त्री गोडोलीहून निघाला तेव्हा काकूंनी शॉवर उघडला. तो वाटेत माझ्या दुकानात थांबून सामान घेऊन पोचला, त्याच सुमारास थेंब पडायला लागला होता.

मिस्त्रीने काय केलं

माझ्याकडून त्याने नेलं ते एवढंच: अर्धा इंची डमी, टेफलॉन टेप, एक एक्स्टेन्शन निपल आणि शॉवरची नवी दांडी. छिन्नी गाडीतच राहिली.

आधी दांडी हलवून बघितली. ती डुलत होती. मग ती उलटी फिरवून काढली आणि भिंतीतल्या पितळी एल्बोत टेफलॉन लावून डमी बसवली, म्हणजे शॉवरचं तोंड बंद. छताचे थेंब थांबेपर्यंत तो दुसरं काम करून आला. मग शॉवरचा कॉक पूर्ण उघडून तास-दीड तास तसाच ठेवला. वरचं तोंड बंद असल्यामुळे कॉकपासून एल्बोपर्यंतच्या पाइपात टाकीचा पुरा दाब होता, शॉवर चालू असताना असतो त्यापेक्षा जास्त. तरी खाली थेंब नाही. म्हणजे भिंतीतला पाइप आणि त्याचे खालचे जोड चांगले. दोष फक्त दांडीच्या आट्यांचा.

डमी लावूनही थेंब आला असता तर निकाल उलटा होता: दोष भिंतीत, आणि मग साडेसहा फुटांपासून खाली टाइल्स काढाव्या लागल्या असत्या. फोडायचं की नाही हे त्या एका डमीने ठरलं. दुकानात ती किरकोळ भावात मिळते.

कारणही लगेच दिसलं. टाइल बसवताना खालचा मसाला जाड झाला होता, त्यामुळे एल्बोचं तोंड टाइलच्या पृष्ठभागापासून बरंच आत राहिलं होतं. दांडीचे जेमतेम दोन-तीन आटेच धरत होते. हलका शॉवर होता तोवर ते निभावलं. दिवाळीत मोठ्या ताटलीचा जड शॉवर आला, दांडी डुलायला लागली, टेफलॉन फाटलं आणि पाणी आट्यांवरून मागे भिंतीत जाऊ लागलं. बाहेरून स्टीलची वाटी बसवलेली असल्यामुळे दिसायला सगळं छान. मिस्त्रीने एक्स्टेन्शन निपल लावून तोंड टाइलबरोबर आणलं, आट्यांच्या दिशेने टेफलॉन गुंडाळून नवी दांडी पूर्ण बसवली आणि पुन्हा पिशवीची चाचणी केली.

पुढचे काही आठवडे

दुरुस्तीनंतर डाग लगेच जात नाही, आणि इथेच पुन्हा ‘अजून लीकच आहे’ असा मेसेज जातो. स्लॅबमधलं आणि भिंतीतलं पाणी वाळायला कित्येक आठवडे लागतात. पहिले एक-दोन दिवस एखादा थेंबही येऊ शकतो, मुरलेल्या पाण्याचा. डागाचा रंग बघत बसू नका, पेन्सिलीची रेघ बघा. डाग रेघेच्या आत असेल आणि शॉवरनंतर पस्तीस-चाळीस मिनिटांनी पातेलं कोरडं राहत असेल तर काम झालंय. बेडरूमचा भुगा खरवडून भिंत उघडी ठेवा, कपाट मागे ढकलू नका आणि वाळल्याशिवाय पुट्टी-रंग लावू नका, नाहीतर तो पुन्हा फुगेल आणि बोल मिस्त्रीला लागेल.

रेघेबाहेर गेलाच, तर नवा मेसेज लिहू नका. जुन्याच मेसेजला उत्तर म्हणून तारीख, वेळ, त्याआधी कोणी काय वापरलं ते आणि रेघेसकट फोटो टाका. एका बाथरूममध्ये दोन गळत्या असू शकतात, आणि पहिली बंद झाल्यावर दुसरीची वेळ वेगळी निघते. काकूंनी मुलगा आला त्या रविवारी दुपारी मिस्त्रीला रेघेचा फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘बरंय काकू. रंग मात्र मे महिन्याशिवाय लावू नका.’